पंधरा मिनिटांत ऑडिट सांगताना

ऑडिटचा लेखी अहवाल साठ-सत्तर पानांचा असतो. तो ज्यांच्यासाठी लिहिलेला असतो, ते मुख्य कार्यकारी अधिकारी, सरव्यवस्थापक आणि विभागप्रमुख समोर बसतात तेव्हा ऑडिटरच्या वाट्याला साधारण पंधरा-वीस मिनिटे येतात. बहुतेक निर्णय या पंधरा मिनिटांतच होतात. अहवाल पुढे सावकाश वाचला जातो, कधी अर्धाच वाचला जातो. म्हणून काय सापडले याच्याइतकेच ते कोणत्या क्रमाने सांगितले, यालाही वजन आहे. चांगले आधी की वाईट आधी, वाइटातले कोणते आधी आणि शेवटी नेमके काय मागायचे, याचा विचार झालेला नसेल, तर महिनाभराचे चोख काम बैठकीत विरून जाते.

हे समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. बँक काल्पनिक आहे, आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. पण यातली प्रत्येक गोष्ट ऑडिटमध्ये प्रत्यक्ष भेटणारी आहे. एका नागरी सहकारी बँकेच्या सोनेतारण कर्जांचे अंतर्गत ऑडिट झाले. ऑडिटरच्या पथकाने चार शाखांमधून मोठ्या रकमेच्या कर्जांची 240 पाकिटे निवडली. ती तिजोरीतून काढून मोजली, वजन केले, सील पाहिले आणि कागदपत्रांशी ताडली. एका शाखेतल्या 60 पाकिटांचे बाहेरच्या सराफाकडून फेरमूल्यांकन करून घेतले.

पथकाच्या वहीत नोंदी उतरल्या त्या ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाने. पहिल्या दिवशी फायली चाळताना काही खात्यांत ग्राहकाचा फोटो नाही, काही ठिकाणी केवायसीची कागदपत्रे जुनी आहेत, असे दिसले. तिसऱ्या दिवशी कळले की बरीच कर्जे मुदत संपताच त्याच दिवशी बंद होऊन त्याच सोन्यावर पुन्हा दिली गेली आहेत. आणि शेवटच्या दोन दिवसांत फेरमूल्यांकनाचा निकाल आला: त्या एका शाखेतल्या 60 पैकी 7 पाकिटांतले दागिने 22 कॅरटचे म्हणून नोंदलेले होते, प्रत्यक्षात 18 ते 20 कॅरटचे निघाले.

नवखा ऑडिटर ही वही घेऊन उभा राहतो आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. फोटोचा मुद्दा निघताच शाखा व्यवस्थापक सांगतात, की ग्राहक वयस्कर होते, फोटो आणायचे राहिले, पुढच्या आठवड्यात लावून टाकू. कोणीतरी म्हणते, हे सगळ्याच शाखांत आहे. चर्चा दहा मिनिटे फोटोंवरच चालते. सोन्याच्या शुद्धतेचा मुद्दा येईपर्यंत दोघे अधिकारी घड्याळ बघत असतात. ही चूक बोलण्याच्या शैलीतली नाही. सापडण्याचा क्रम हाच सांगण्याचा क्रम धरला, तिथे ती झाली.

बैठकीच्या आधीची बैठक

चांगल्या सादरीकरणाची सुरुवात सभागृहात होत नाही. ज्या शाखेत दोष सापडला, तिथल्या व्यवस्थापकासमोर तो आधीच मांडलेला असला पाहिजे. सात पाकिटांचे क्रमांक, नोंदलेली शुद्धता, तपासलेली शुद्धता हे सगळे त्याच्यापुढे ठेवायचे आणि विचारायचे, "ही वस्तुस्थिती बरोबर आहे ना?" कारणांवर, गांभीर्यावर मतभेद असू शकतात, पण वस्तुस्थितीवर बैठकीत वाद व्हायला नको. वरिष्ठांसमोर पहिल्यांदाच स्वतःच्या शाखेचा दोष ऐकणारा माणूस बचावात जातो, आणि मग आकडा खरा की खोटा यावरच वेळ जातो.

या आधीच्या भेटीचा दुसरा फायदा म्हणजे खरे आक्षेप तिथेच कळतात. आपल्या उदाहरणात व्यवस्थापकाने रास्त प्रश्न काढला: बाहेरच्या सराफाने कॅरटमीटर वापरला, ते यंत्र दागिन्याचा वरचा थरच वाचते, मग त्यावर भरवसा कसा ठेवायचा? आक्षेप खरा होता. म्हणून पथकाने सातही पाकिटांतले दागिने दगडावर कस लावून पुन्हा तपासून घेतले. दोन्ही पद्धतींत शुद्धता कमीच निघाली. अर्ध्या कॅरटचा फरक मापनाचा मानून सोडून दिला होताच. आता हाच प्रश्न बैठकीत कोणी विचारला, तर उत्तर तयार आहे.

पहिले वाक्य निष्कर्षाचे

वरिष्ठांना सगळ्यात आधी एकच गोष्ट ऐकायची असते: एकूण स्थिती काय आहे? ती पहिल्याच मिनिटात सांगावी. ऑडिटची व्याप्ती, पथकात कोण होते, किती दिवस लागले, सहकार्याबद्दल आभार हे सगळे छापील पानावर असते. आपल्या ऑडिटरचे पहिले वाक्य असे हवे: "तिजोरीतले सोने सुरक्षित आहे, एकही पाकीट कमी नाही. पण आत जे सोने आहे त्याची किंमत ठरवण्याची पद्धत एका शाखेत भरवशाची राहिलेली नाही, आणि त्यावर याच महिन्यात निर्णय लागेल."

या दोन वाक्यांत चांगले आहे, वाईट आहे, आणि बैठकीकडून काय हवे तेही आहे. ऐकणाऱ्याला पुढची पंधरा मिनिटे कुठे लक्ष द्यायचे ते कळते. लगेच एक मर्यादाही सांगावी: पाकिटे मोठ्या रकमेची म्हणून मुद्दाम निवडलेली होती. त्यामुळे 60 पैकी 7 म्हणजे सगळ्या सोनेतारणात तेवढ्याच प्रमाणात दोष आहे, असा हिशेब करता येणार नाही. ही गोष्ट आधीच सांगितली नाही, तर कोणीतरी टक्केवारी काढून ती सगळ्या शाखांना लावतो, आणि नंतर ती चुकीची ठरली की ऑडिटचा सगळाच शब्द हलका पडतो.

चांगले मुद्दे: मोजके आणि नेमके

चांगले आधी सांगावे हे खरे. पण त्याचे कारण बहुतेकदा चुकीचे समजले जाते. समोरच्याला बरे वाटावे, मग कडू औषध द्यावे, अशी कल्पना असते. म्हणून "कर्मचाऱ्यांनी उत्तम सहकार्य केले", "शाखा स्वच्छ होत्या" अशी वाक्ये येतात. ऐकणाऱ्याला ती तोंडदेखली आहेत हे लगेच समजते, आणि पुढे येणाऱ्या खऱ्या कौतुकाचीही किंमत कमी होते.

ऑडिटमधला चांगला मुद्दा हा सुद्धा तपासून निघालेला निष्कर्ष असतो. कोणत्या व्यवस्थेवर आज विसंबता येते, ते तो व्यवस्थापनाला सांगतो. म्हणून तोही पुराव्यासह सांगावा. "240 पैकी 240 पाकिटे जागेवर मिळाली, सगळी सीलबंद, वजने नोंदीशी जुळली. तिजोरीच्या दोन चाव्या चारही शाखांत खरोखर दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे होत्या. चाव्यांच्या रजिस्टरवर रजेच्या दिवसांतल्या देवघेवीच्या सह्यासुद्धा होत्या." एवढे पुरे. यातून एक कामाचा निष्कर्ष निघतो: तिजोरीच्या सुरक्षेवर आता नवा खर्च करायची गरज नाही, लक्ष मूल्यांकनाकडे वळवा. चांगला मुद्दा असा पुढच्या मुद्द्याकडे नेतो.

इथे एक पथ्य आहे. वाईट मुद्दा दोन चांगल्यांच्या मध्ये घालू नये. सौम्य वाटावे म्हणून ऑडिटर एक चांगले, एक वाईट, पुन्हा एक चांगले अशी मांडणी करतो, आणि बैठक संपल्यावर ऐकणाऱ्याच्या लक्षात शेवटचे चांगलेच राहते. चांगले एकत्र आणि आधी, वाईट एकत्र आणि नंतर, शिफारशी शेवटी. या तीन भागांच्या मध्ये स्पष्ट थांबावे.

वाईट मुद्दे: जोखमीच्या उतरत्या क्रमाने

आता वहीतल्या तीन नोंदींचा क्रम उलटतो. सोन्याची शुद्धता पहिली, नूतनीकरण दुसरे. फोटो आणि केवायसी तोंडी सांगायचेच नाहीत. ते परिशिष्टात जातात आणि शाखा पातळीवर दुरुस्त होतात. तोंडी सादरीकरणात तीनपेक्षा जास्त वाईट मुद्दे आले तर त्यातला एकही नीट पोचत नाही.

प्रत्येक मुद्दा सांगताना चार गोष्टी याव्या लागतात: काय आढळले, काय असायला हवे होते, त्याचा परिणाम काय, आणि कारण काय. पाचवी, म्हणजे उपाय, शेवटासाठी राखून ठेवायची. पहिला मुद्दा प्रत्यक्षात असा सांगता येतो.

"एका शाखेत तपासलेल्या 60 पैकी 7 पाकिटांत सोने नोंदीपेक्षा कमी शुद्धतेचे आहे. आपल्या धोरणानुसार सोन्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. यातले एक पाकीट पाहा. दागिने 50 ग्रॅम, 22 कॅरटचे धरून किंमत 4 लाख, कर्ज 2 लाख 80 हजार, म्हणजे 70 टक्के. कागदावर सगळे मर्यादेत आहे. प्रत्यक्षात सोने 18 कॅरटचे आहे. त्याची किंमत सुमारे 3 लाख 27 हजार होते आणि तेच कर्ज 85 टक्क्यांवर जाते."

इथे आकडे थांबवायचे आणि परिणाम बोलायचा. "वर्षाचे 12 टक्के व्याज थकले तर या खात्याचे येणे 3 लाख 13 हजारांच्या पुढे जाते. सोन्याची किंमत आणि येणे यांत तेरा-साडेतेरा हजारांचे अंतर उरते. सोन्याचा भाव 5 टक्के उतरला तर लिलाव करूनही मुद्दल आणि व्याज पूर्ण वसूल होणार नाही." सातही पाकिटांची आकडेमोड सांगण्यापेक्षा एक पाकीट असे उघडून दाखवले की ते खोलीतल्या प्रत्येकाला समजते. उरलेल्या सहांचा तक्ता हातात द्यावा.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती कारण सांगायला, आणि बहुतेक सादरीकरणे इथेच लंगडी पडतात. "मूल्यांकनात निष्काळजीपणा" हे कारण होत नाही, तो शेरा झाला. आपल्या पथकातला एक जण आठवडी बाजाराच्या दिवशी शाखेत दिवसभर बसला होता. गर्दीच्या वेळी दागिने समोरच्या गल्लीतल्या सराफाच्या दुकानात पाठवले जातात, ग्राहक शाखेतच बाकावर बसलेला असतो, आणि अर्ध्या तासाने मूल्यांकनाची चिठ्ठी परत येते. सहा वर्षे तोच एक सराफ आहे. त्याला शुल्क मिळते ते कर्ज मंजूर झाले तरच. म्हणजे सोने कमी प्रतीचे आहे असे सांगण्यात त्याचे नुकसानच आहे. हे तीन धागे जुळवले की कारण समोर येते, आणि उपाय कुठे करायचा तेही दिसते.

यातली ग्राहकाच्या गैरहजेरीची गोष्ट किरकोळ नाही. 30 सप्टेंबर 2024च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सोनेतारणातल्या अनियमितता मोजून दाखवल्या, त्यात ग्राहकाच्या अनुपस्थितीत सोन्याचे मूल्यांकन हीही होती. ऑडिटरने हे एका वाक्यात सांगावे. नियमाचा आधार मुद्द्याला बळ देतो. पण नियमापासून सुरुवात केली तर ऐकणाऱ्याला वाटते की प्रश्न फक्त कागद पूर्ण करण्याचा आहे.

आणि एक शब्द ऑडिटरने उच्चारू नये: सराफाने फसवले. पुरावा शुद्धतेतल्या फरकाचा आहे, हेतूचा नाही. जे पाहिले तेवढेच बोलावे. हेतू शोधायचा तर स्वतंत्र चौकशी लागते, आणि ती व्हावी की नाही हा व्यवस्थापनाचा निर्णय आहे.

दुसरा मुद्दा, नूतनीकरणाचा, याच पद्धतीने पण अर्ध्या वेळात संपतो: 240 पैकी 31 कर्जे मुदत संपली त्याच दिवशी बंद होऊन त्याच सोन्यावर पुन्हा दिली गेली, त्यातल्या 26 मध्ये नवे मूल्यांकन झाले नाही. परिणाम असा, की थकण्याच्या बेतात आलेले खाते कागदावर नवे आणि नियमित दिसते, आणि खरी थकबाकी किती हे बँकेलाच कळत नाही.

प्रश्न येतात तेव्हा

मुख्य कार्यकारी अधिकारी बहुधा पहिल्यांदा विचारतात, "म्हणजे किती पैसे बुडाले?" याचे सरळ उत्तर द्यावे: "आज एक रुपयाही बुडालेला नाही, सातही खाती नियमित आहेत. कर्ज फिटले नाही तर आपल्या हाती असलेले तारण आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे." भीती वाढवूही नये, कमीही करू नये.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "ही एकाच शाखेची गोष्ट आहे ना?" इथे उत्तर असे: "फेरमूल्यांकन एकाच शाखेत केले. बाकीच्या तीन शाखांतले वजन आणि सील तपासले, शुद्धता तपासलेली नाही." माहीत नसलेले माहीत नाही म्हणून सांगितले, की माहीत असलेल्यावर विश्वास बसतो.

आणि कोणी ठाम असहमत असेल तर? चर्चेने मतभेद मिटला नाही, तर आपले वाक्य मवाळ करून तडजोड करायची नसते. 9 जानेवारी 2025पासून लागू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्सच्या जागतिक मानकांनुसार न मिटलेल्या मतभेदात दोन्ही बाजू आणि असहमतीची कारणे अहवालात नोंदवायची असतात. "आपले म्हणणे अहवालात आपल्याच शब्दांत येईल" असे सांगून पुढे जावे.

शेवट शिफारशींचा

"मूल्यांकन प्रक्रिया अधिक सक्षम करावी" हे वाक्य भारतातल्या असंख्य ऑडिट अहवालांत सापडेल. त्यावर "मान्य, कार्यवाही सुरू आहे" असे उत्तर येते आणि पुढच्या वर्षी तोच दोष पुन्हा सापडतो. शिफारस स्पष्ट आहे का, हे ओळखायची कसोटी सोपी आहे: ती झाली की नाही, हे सहा महिन्यांनी तिसऱ्या माणसाला हो किंवा नाही असे सांगता येते का?

आपल्या उदाहरणात शिफारशी तीनच आहेत, आणि प्रत्येकीत काम, नाव, तारीख आणि पुरावा आहे.

पहिली: त्या शाखेतल्या सगळ्या पाकिटांचे तीस दिवसांत बाहेरच्या सराफाकडून फेरमूल्यांकन व्हावे, आणि उरलेल्या तीन शाखांतून प्रत्येकी किमान 30 पाकिटे तपासावीत. जबाबदारी कर्ज विभागप्रमुखांची. पुरावा म्हणून पाकीटनिहाय तक्ता, त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या.

दुसरी: पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून मूल्यांकन शाखेतच आणि ग्राहकासमोरच व्हावे, सराफ दर सहा महिन्यांनी बदलावा, आणि शुल्क कर्ज मंजूर होवो वा न होवो, प्रत्येक तपासणीला मिळावे. जबाबदारी सरव्यवस्थापकांची. पुरावा म्हणून ग्राहकाची सही असलेली मूल्यांकनाची चिठ्ठी आणि सराफांशी केलेला नवा करार.

तिसरी: त्याच ग्राहकाचे, त्याच सोन्यावरचे कर्ज सात दिवसांच्या आत पुन्हा उघडायचे असेल, तर कोअर बँकिंग प्रणालीने ते थांबवावे आणि मुख्य कार्यालयाची मंजुरी मागावी. जबाबदारी आयटी विभागप्रमुखांची, मुदत साठ दिवस. पुरावा ऑडिटरसमोर: चाचणीचे खाते उघडून बघायचे, प्रणाली अडवते की नाही.

या तिन्ही शिफारशी सापडलेल्या कारणांना जाऊन भिडतात. पहिली आजचे नुकसान किती ते मोजते, दुसरी सराफाला खरे सांगण्यात तोटा होऊ नये अशी व्यवस्था करते, तिसरी माणसाच्या लक्षात राहण्यावर काही सोडत नाही. "सात पाकिटांच्या नोंदी दुरुस्त करा" एवढेच सांगितले असते तर आठवे पाकीट पुढच्या बाजाराच्या दिवशीच तयार झाले असते.

इथे ऑडिटरने एक सीमा पाळायची असते. नवा सराफ कोण, करार कसा, हे तो ठरवत नाही. स्वतः आखलेली व्यवस्था पुढच्या वर्षी त्यालाच तपासायची असेल, तर त्याची स्वतंत्र नजर उरत नाही.

शेवटी तो तिन्ही शिफारशी पुन्हा एकेका वाक्यात वाचतो आणि प्रत्येक जबाबदार व्यक्तीला थेट विचारतो: "मान्य आहे का? तारीख जमेल का?" जमत नसेल तर दुसरी तारीख तिथेच ठरते. शिफारस नाकारण्याचा अधिकार व्यवस्थापनाला आहे, पण मग ती जोखीम आपण जाणून पत्करत आहोत असे त्यांनी इतिवृत्तात म्हणायचे असते. ती बँकेला झेपण्यापलीकडची आहे असे ऑडिटप्रमुखाला वाटले, तर तो आधी व्यवस्थापनाशी बोलतो आणि तरी सुटले नाही तर विषय संचालक मंडळापर्यंत नेतो.

सहकारी संस्थांमध्ये काम केलेल्यांना लेखापरीक्षणानंतरचा दोषदुरुस्ती अहवाल चांगला ओळखीचा आहे. तो भरताना हात अडखळतो तो बहुधा मूळ शिफारशीतच कोणी, कधी आणि कशावरून हे लिहिलेले नसते म्हणून. बैठकीतून उठताना प्रत्येक शिफारशीपुढे एक नाव, एक तारीख आणि एक पुरावा नोंदला गेला असेल, तर तीस दिवसांनी ऑडिटर शाखेत जाऊन पाकीटनिहाय तक्ता मागू शकतो, आणि तो नसेल तर कोणाला विचारायचे हे बँकेत सगळ्यांना माहीत असते.